२८ टक्के आरओआय असलेला मॅनेजर २० टक्क्यांचं मशीन नाकारतो तेव्हा

जमाखर्च_फोंडा

नमस्कार मंडळी. फोंड्याला एका ग्रूपच्या हेड ऑफिसात मी हिशेब बघते. ग्रूप एकाच कुटुंबाचा, डिव्हिजन दोन. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याच्या बॉक्सचा कारखाना आणि बार्देशात किनाऱ्याजवळ एक हॉटेल. दोन्हीकडच्या मॅनेजरांचा बोनस आपापल्या डिव्हिजनच्या आरओआयवर ठरतो. वर्षाच्या नफ्याला गुंतलेल्या भांडवलाने भागायचं, येईल तो टक्का. ग्रूपला भांडवल सरासरी १३ टक्क्यांना पडतं असं आम्ही धरतो. त्यात बँकेचं व्याजही आलं आणि मालकांची स्वतःच्या पैशावरची अपेक्षाही.

बॉक्सच्या कारखान्यात १२ कोटी गुंतलेत, नफा ३ कोटी ३६ लाख, म्हणजे आरओआय २८ टक्के. आमची मोठी गिऱ्हाइकं वेर्ण्याच्या आणि कुंडईच्या औषध कंपन्या. छपाई जागेवर बसत नाही, चिकटवलेली कड सुटते, अशा तक्रारी त्यांच्याकडून वाढल्यात. त्यावर एक ऑटोमॅटिक मशीन बघितलंय. छपाई, खाचा, घडी, चिकटवणं सगळं एका ओळीत करतं. किंमत ४ कोटी. पुरतं चालू लागलं की घसारा वजा जाऊन वर्षाला ८० लाख जादा नफा, म्हणजे २० टक्के. १३ टक्क्यांच्या पैशावर २० मिळत असताना कारखान्याच्या मॅनेजरनी लेखी कळवलं, "सध्या आवश्यकता वाटत नाही."

हॉटेलचं बरोबर उलट. तिथे ३० कोटी गुंतलेत, नफा २ कोटी ७० लाख, आरओआय ९ टक्के. तिथले मॅनेजर ५ कोटींचा लग्नाचा हॉल बांधायचा म्हणून मागे लागलेत. त्यातून वर्षाला ५५ लाख सुटतील असा त्यांचाच अंदाज आहे. म्हणजे ११ टक्के.

दोघेही चांगली, मन लावून काम करणारी माणसं आहेत. एमडींनी मला विचारलंय की आरओआय सोडून रेसिड्युअल इन्कमवर जायचं का, आणि चवथीच्या आधी त्यांना टिपण हवंय. भांडवलाचा १३ टक्के आकार नफ्यातून कापायचा आणि उरेल त्यावर मॅनेजरचं काम जोखायचं, एवढी रीत मला माहीत आहे. ती राबवताना काय काय समोर येतं, हे कुणी जवळून पाहिलं असेल तर सांगा.

पर्वरीकर

ताई, तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. मशीन घेतलं की कारखान्याचा नफा ४ कोटी १६ लाख होईल आणि भांडवल १६ कोटी. आरओआय २८ वरून २६ वर येतो. बोनस २८ वर मिळणारा माणूस स्वतःच्या हाताने तो २६ वर का आणेल? हॉल बांधला तर हॉटेलचा नफा ३ कोटी २५ लाख, भांडवल ३५ कोटी, आरओआय ९ वरून जवळजवळ ९.३ वर. त्यांचा बोनस वाढतो. ज्याची सरासरी वर आहे त्याला चांगली गोष्टही खाली ओढते, आणि ज्याची सरासरी खाली आहे त्याला वाईट गोष्टही वर उचलते.

आता रेसिड्युअल इन्कम लावा. कारखान्याचं आज ३ कोटी ३६ लाखांतून १२ कोटींवरचे १ कोटी ५६ लाख गेले की उरतात १ कोटी ८० लाख. मशीननंतर ४ कोटी १६ लाखांतून २ कोटी ८ लाख गेले की २ कोटी ८ लाख. २८ लाखांनी वाढ. हॉटेलचं आज उणे १ कोटी २० लाख, हॉलनंतर उणे १ कोटी ३० लाख. १० लाखांनी घट. मशीन घ्या, हॉल नको. ग्रूपला जे हवं तेच मॅनेजरला हवंसं वाटतं. एका झटक्यात प्रश्न सुटला. एमबीएला हेच शिकलो आणि मला यात पळवाट दिसत नाही.

म्हापशाची_रेखा

मला हे उपयोगाचं वाटलं म्हणून विचारते. पर्वरीला माझा एक फ्लॅट आहे, ४५ लाखांना घेतलेला. भाडं महिन्याला १४ हजार. सोसायटी आणि घरपट्टी जाऊन वर्षाला दीड लाखाच्या आत राहतात. याचा आरओआय फारच कमी येतो ना? मी तो विकून एफडी करावी का? आणि रेसिड्युअल इन्कम म्हणजे निवृत्तीनंतर घरबसल्या येत राहतं ते उत्पन्न ना?

पर्वरीकर

रेखाताई, ते वेगळं. तुम्ही म्हणता ते उत्पन्नही याच नावाने ओळखलं जातं, पण इथे विषय कंपनीतल्या मॅनेजरचं काम कशाने मोजायचं हा आहे. फ्लॅटसाठी वेगळा धागा काढा, तिथे लिहितो. किंमत वाढते तोही भाग त्यात धरावा लागेल.

जुना_कॉस्टवाला

मी कॉस्टिंगमध्ये नोकरी करून निवृत्त झालो. मुंबईला एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीत होतो, शेवटची वर्षं गोव्यातच. पर्वरीकरांचं गणित बरोबर आहे, पण "प्रश्न सुटला" म्हणायला मी धजणार नाही. जमाखर्चताई, आधी तीन गोष्टी सांगा. तुमचे ८० लाख पहिल्या वर्षापासूनचे की नंतरचे? मशीनचं आयुष्य किती धरलंय? आणि कारखान्यातली आत्ताची लाइन कधीची आहे, पुस्तकात तिची किंमत किती उरलीय?

जमाखर्च_फोंडा

काका, आयुष्य ८ वर्षं, घसारा सरळ रेषेने वर्षाला ५० लाख, भंगाराची किंमत धरलेली नाही. ८० लाख तिसऱ्या वर्षापासून. पहिल्या वर्षी माणसं शिकणार, औषध कंपन्यांचे लोक येऊन लाइन तपासणार, नमुने पास करणार, म्हणून नफा फक्त ३० लाख. दुसऱ्या वर्षी ६०.

जुनी कॉरुगेशन लाइन २००८ ची. पुस्तकात तिची किंमत जवळपास संपलेली आहे. १२ कोटींत मोठा भाग क्राफ्ट पेपरचा साठा, उधारी आणि शेड. जमीन जुन्या दराने लीजवर घेतलेली.

आणि एक गोष्ट आधी लिहायला हवी होती. कारखान्याचे मॅनेजर आणखी दोन वर्षांनी निवृत्त होणार आहेत.

जुना_कॉस्टवाला

मग आता वर्षावर्षाचं बघू. रेसिड्युअल इन्कम काढताना १३ टक्के त्या वर्षाच्या सुरुवातीला पुस्तकात असलेल्या किमतीवर लावतो.

पहिलं वर्ष. किंमत ४ कोटी, आकार ५२ लाख, नफा ३० लाख. उणे २२ लाख. दुसरं वर्ष. किंमत साडेतीन कोटी, आकार साडेपंचेचाळीस लाख, नफा ६० लाख. अधिक साडेचौदा लाख. दोन वर्षांची बेरीज उणे साडेसात लाख. तुमचे मॅनेजर त्यानंतर घरी जाणार. रेसिड्युअल इन्कमवर बोनस ठेवलात तरी ते याच मशीनला नाही म्हणतील, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबर असेल.

पुढे बघा. तिसऱ्या वर्षी ४१ लाख, मग दर वर्षी साडेसहा लाखांनी चढत आठव्या वर्षी साडेत्र्याहत्तर. मशीन तेच, नफाही तिसऱ्या वर्षापासून ८० लाखच. वाढ एवढ्याचसाठी दिसते की पुस्तकातली किंमत झिजत जाते आणि तिच्यावरचा आकार कमी होतो. आरओआयने मोजलं तर फरक आणखी विलक्षण. त्या एकट्या मशीनचा आरओआय पहिल्या वर्षी साडेसात टक्के आणि आठव्या वर्षी, ५० लाखांच्या उरलेल्या किमतीवर, १६० टक्के.

तुमच्या कारखान्याचे २८ टक्के याच नजरेने पाहा. त्यातला किती भाग मॅनेजरच्या कर्तबगारीचा आणि किती २००८ च्या लाइनच्या म्हातारपणाचा? ती लाइन आज नव्याने बसवायची तर किती पडेल, ते भांडवलात धरून भागाकार करून बघा. मला वाटतं टक्का २८ च्या बराच खाली येईल. मशीन जितकं जुनं तितका मॅनेजर हुशार, असा हा हिशेब आहे. मग तो नवीन मशीन का मागेल?

पर्वरीकर

पण काका, रेसिड्युअल इन्कमच्या आठही वर्षांच्या रकमा १३ टक्क्यांनी आजच्या किमतीला आणल्या तर बेरीज त्या मशीनच्या एनपीव्हीएवढीच येते, म्हणजे मशीनमधून येणारी सगळी रोख आजच्या किमतीला आणून तिच्यातून खरेदीची किंमत वजा केली की उरतं तेवढीच. म्हणजे माप चुकीचं नाही.

जुना_कॉस्टवाला

हो, ते खरं आहे आणि रेसिड्युअल इन्कमचं खरं बळ तिथेच आहे. मी करून पाहिलं. रोखीने पहिल्या वर्षी ८० लाख, दुसऱ्या वर्षी १ कोटी १० लाख, मग सहा वर्षं १ कोटी ३० लाख. १३ टक्क्यांनी आजच्या किमतीला आणून ४ कोटी वजा केले की साधारण १ कोटी ६४ लाख उरतात. आठ वर्षांचे रेसिड्युअल इन्कम तसेच आणून बेरीज केली तरी १ कोटी ६४ लाखच. घसारा कुठल्याही पद्धतीने धरा, बेरीज हलत नाही. आरओआयच्या टक्क्यांची अशी बेरीज करून कुठल्याच अर्थाच्या आकड्याला पोचता येत नाही.

पण बेरीज बरोबर आहे याचा फायदा आठही वर्षं खुर्चीवर बसणाऱ्याला. बोनस दर मार्चला वाटला जातो.

मांडवीकाठ

मी हिशेबातला माणूस नव्हे, बार्जवरचा. एका खाण कंपनीच्या बार्ज डिव्हिजनमध्ये ऑपरेशन्सला होतो, म्हणून आमचं सांगतो. २०१० च्या सुमारास चीनला खनिज जात होतं, मांडवीत बार्जला बार्ज लागलेली. ज्याच्याकडे पैसे, तो नवीन बार्ज बांधून घेत होता. आमच्या डिव्हिजनचा आरओआय ४० टक्क्यांच्या वर होता, कारण बार्ज जुनी, पुस्तकात किंमत नावापुरती. आमच्या साहेबांनी एकही नवीन बार्ज घेतलं नाही. "माझा टक्का पडेल" असं ते उघड म्हणायचे. वरचे लोक नाराज होते.

मग सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पाठोपाठ सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. कर्ज काढून नवीन बार्ज घेतलेल्यांची काय अवस्था झाली ते नदीकाठच्या गावांनी पाहिलंय. आमच्या कंपनीवर बार्जचं कर्ज नव्हतं. म्हणून मला आरओआय वाईट वाटत नाही. तो माणसाला हात आखडता घ्यायला लावतो आणि आपल्याकडे ते चांगलंच.

जुना_कॉस्टवाला

मांडवीकाठ बाब, तुमच्या कंपनीवरचं संकट टळलं याचा आनंदच आहे. पण साहेबांनी बार्ज नाकारली ती खाणी बंद पडतील या अंदाजाने नव्हे. उद्या खाणी दहा वर्षं जोरात चालणार अशी कुणी हमी दिली असती तरी त्यांनी नाकारलीच असती, कारण ४० टक्क्यांच्या खालचं काहीही त्यांच्या टक्क्याला बाधक होतं. मापाने त्यांना धोक्याकडे बघायला लावलंच नव्हतं. धोका मोजायचा असेल तर बार्जच्या भांडवलाला १३ ऐवजी १८ किंवा २० टक्के आकार लावा. खाणींचा धंदा एका आदेशावर थांबू शकतो, औषधांच्या बॉक्सचा नाही. मग नवीन बार्ज २० च्या कसोटीला उतरतं का ते दिसेल. रेसिड्युअल इन्कममध्ये प्रत्येक डिव्हिजनला, हवं तर प्रत्येक प्रकारच्या मालमत्तेला, वेगळा दर लावता येतो. आरओआयमध्ये दर बाहेरच राहतो.

मांडवीकाठ

पण २०१० ला तो दर २० धरायला हवा, हे कुणाला सुचलं असतं? तेव्हा सगळे म्हणत होते की हा धंदा कधी थांबणार नाही. दर ठरवणारेही त्याच हवेत होते. माझं मत मी बदलत नाही.

शॅक_ते_हॉटेल

हॉटेलच्या बाजूने कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी तीन हॉटेलांत एफ अँड बी आणि नंतर ऑपरेशन्स पाहिलंय.

जमाखर्चताई, हॉटेलच्या ३० कोटींत जमीन किती? तुमच्या कारखान्याची जमीन जुन्या दराच्या लीजवर, मशीन झिजलेलं. हॉटेलची जमीन अलीकडे विकत घेतली असेल तर बार्देशातल्या किनाऱ्याचे भाव तुम्हाला ठाऊक आहेत. त्या भावावर वर्षाला १३ टक्के आकार द्यायचा आणि जमिनीची वाढलेली किंमत नफ्यात कुठेच धरायची नाही, मग हॉटेल जन्मभर उणे दिसणार. तिथला मॅनेजर कितीही राबला तरी उणे १ कोटी २० लाख ही त्याच्या कामाची पावती कशी? जमीन घ्यायचा निर्णय त्याचा नव्हता.

हॉलच्या ५५ लाखांबद्दलही मला शंका आहे. लग्नाला आलेले पाहुणे खोल्या घेतात, बारमध्ये बसतात. ते उत्पन्न धरलंय का? की फक्त हॉलचं भाडं आणि केटरिंग?

जमाखर्च_फोंडा

तुमचा प्रश्न वाचून फाइल काढली. ३० कोटींत १४ कोटी जमिनीचे. २०१७ ला विकत घेतलेली. आणि हो, ५५ लाख फक्त हॉल आणि केटरिंगचे आहेत. खोल्यांचं उत्पन्न धरलेलं नाही.

पर्वरीकर

जमिनीचे १४ कोटी काढून १६ कोटींवर आकार लावला तर २ कोटी ८ लाख. मग हॉटेलचं रेसिड्युअल इन्कम अधिक ६२ लाख होतं! एका आकड्याने माणूस नापासाचा पास. हे मात्र मला खटकलं. जमीन फुकटची नाही. ती विकून आलेले पैसे ग्रूप दुसरीकडे लावू शकतो.

जुना_कॉस्टवाला

इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत, म्हणून खटकतंय. हॉटेल हा धंदा ग्रूपने ठेवावा का, हा एक प्रश्न. त्याला जमीन धरायलाच हवी, तीही आजच्या भावाने, आणि तो एमडींनी स्वतःला विचारायचा. हॉटेलच्या मॅनेजरने यंदा काम कसं केलं, हा दुसरा. त्यात ज्या गोष्टी त्याच्या हातात आहेत तेवढ्याच धरायच्या. उधारी, साठा, त्याने मागून घेतलेली यंत्रं, हॉल. जमीन त्याच्या माथी मारायची नाही, आणि हेड ऑफिसच्या खर्चाचा वाटाही नाही. दोन्ही उत्तरं एकाच आकड्यातून काढायला गेलात की हेच भांडण दरवर्षी होतं. मी ते बघितलंय.

दुसरं, दोन डिव्हिजनांची रेसिड्युअल इन्कमची रक्कम शेजारी मांडून कोण वरचढ ते ठरवू नका. ३० कोटींच्या डिव्हिजनला १२ कोटींच्या डिव्हिजनपेक्षा मोठा आकडा आणणं सोपं असतं, आणि बुडाली तर खड्डाही मोठा. टक्क्याचा तेवढा एक फायदा मात्र खरा, लहानमोठं एका पातळीवर दिसतं. म्हणून बोनस एकूण रकमेवर न ठेवता ठरलेल्या लक्ष्यापेक्षा ती किती हलली यावर ठेवा. हॉटेलचं लक्ष्य उणे असलं तरी चालेल. उणे १ कोटी २० वरून उणे ९० लाखांवर आणणाऱ्याने ग्रूपला ३० लाख कमावून दिलेत.

अपर्णा_मडगाव

एक छोटीशी भर. आमच्याकडे, मासळी प्रक्रियेच्या धंद्यात, आरओआयवर बोनस होता तेव्हा मार्चमध्ये वेगळेच खेळ चालायचे. ३१ मार्चच्या आधी साठा मुद्दाम उतरवायचा, पॅकिंगचा माल एप्रिलमध्ये मागवायचा. एकदा तर चांगलं चालणारं एक कोल्ड स्टोरेज विकायचा प्रस्ताव आला होता. ते १७ टक्के देत होतं पण डिव्हिजनची सरासरी २२ होती. विकलं असतं तर सरासरी वाढली असती. नशिबाने मालकांनी अडवलं.

आता आम्ही भांडवल बारा महिन्यांच्या सरासरीने धरतो. मार्चचा साठा आणि जूनचा साठा शेजारी ठेवून बघितला की कोण काय करतंय ते लगेच कळतं.

जमाखर्च_फोंडा

अपर्णाताई, हे आमच्याकडेही असू शकतं. मार्चअखेरचा पेपरचा साठा नेहमी कमी असतो आणि मेमध्ये एकदम वाढतो. पावसाळ्याआधी भरून ठेवतो अशी समजूत होती. आता महिन्यावार काढून बघते.

काका, निवृत्तीच्या प्रश्नावर काही मार्ग आहे का? आमच्याकडे खरी अडचण तीच दिसते.

जुना_कॉस्टवाला

दोन मार्ग मी चालताना पाहिलेत. दोन्ही पुरते नाहीत.

पहिला, बोनसचा एक भाग त्याच वर्षी न देता खात्यावर ठेवायचा आणि पुढच्या तीन वर्षांच्या निकालांवर सोडायचा, माणूस निवृत्त झाला तरी. तुमच्या मॅनेजरनी मशीन घेतलं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते आराखड्याप्रमाणे चाललं, तर त्यांना घरबसल्या वाटा मिळतो. अडचण अशी की पुढचा मॅनेजर ते नीट चालवेल की नाही हे त्यांच्या हातात नसतं, आणि माणसं हातातल्या रुपयाला जास्त मानतात.

दुसरा मार्ग घसाऱ्याचा. आयकराच्या किंवा कंपनी कायद्याच्या पुस्तकांना हात लावायचा नाही, फक्त अंतर्गत हिशेबात. पहिल्या वर्षी मशीनमधून ८० लाख रोख येणार. भांडवलाचा आकार ५२ लाख. उरले २८. त्या वर्षी घसारा ५० ऐवजी २८ लाखच धरा. रेसिड्युअल इन्कम उणे २२ ऐवजी शून्य. कमी धरलेला घसारा पुढच्या जोराच्या वर्षांत भरून निघतो. मघाशी म्हटलं तसं, आजच्या किमतीला आणलेली एकूण बेरीज १ कोटी ६४ लाखच राहते. फक्त पहिल्या वर्षाची शिक्षा टळते.

पर्वरीकर

काका, आदर ठेवून म्हणतो, हे मला पटत नाही. मॅनेजरने हो म्हणावं म्हणून घसारा वाकवायचा, मग उद्या प्रत्येक जण आपल्या सोयीचा घसारा मागेल. त्यापेक्षा सरळ करा. मोठ्या खरेदीचा निर्णय हेड ऑफिसने एनपीव्हीवर घ्यावा आणि मॅनेजरला कळवावा. १३ च्या वर असेल ते घ्यायचंच. आरओआय ठेवा की रेसिड्युअल इन्कम, मग फरक पडत नाही.

जुना_कॉस्टवाला

तुमचा धोका खरा आहे. म्हणून घसाऱ्याचं कोष्टक मशीन मंजूर होताना त्याच कागदावर लिहायचं, आणि नंतर काहीही झालं तरी बदलायचं नाही. आराखडा चुकला तर उणे दिसू द्यायचं. कोष्टक मागून बदललं की सगळं व्यर्थ, हे मला मान्य आहे.

पण हेड ऑफिसने ठरवावं, यात एक गोष्ट सुटते. ३० लाख, ६० लाख, ८० लाख हे आकडे हेड ऑफिसला देतो कोण? तोच मॅनेजर. ज्याला मशीन नको तो आकडा थोडा खाली सांगेल आणि २० चे १२ होतील. ज्याला हॉल हवा तो थोडा वर सांगेल. बोनस आरओआयवर ठेवून निर्णय वरून घेतलात तरी टक्का वाचवायची ओढ अंदाजातून आत येतेच. तुमच्याकडे कारखान्याचे आकडे कुणी काढले होते, जमाखर्चताई?

जमाखर्च_फोंडा

मशीनचे आकडे मी आणि विक्रीच्या माणसाने काढले, मॅनेजरनी नाही. त्यांच्या टिपणात नफा ५० लाखच होता. म्हणजे साडेबारा टक्के. तेव्हा मला वाटलं होतं की ते सावधपणे लिहितायत.

मांडवीकाठ

कदाचित सावधपणेच लिहीत असतील. चाळीस वर्षं मशीन चालवलेला माणूस विक्रीच्या माणसापेक्षा जास्त ओळखतो.

जुना_कॉस्टवाला

तेही शक्य आहे. म्हणून त्यांना समोर बसवून ८० आणि ५० मधल्या ३० लाखांचा ओळीओळीने हिशेब मागा. किती टन पेपर, वाया जाण्याचं प्रमाण किती, कुठल्या गिऱ्हाइकाच्या किती ऑर्डर. फरक कुठल्या ओळीत आहे ते कळलं की कारण कळेल. प्रत्येक ओळीत थोडं थोडं कमी असेल तर ती ओढ. एकाच ओळीत मोठा फरक असेल, समजा औषध कंपन्या पास करायला वर्षाऐवजी दोन वर्षं घेतात असं ते म्हणत असतील, तर ते काहीतरी जाणतात.

पर्वरीकर

काका, ५० लाखच खरे धरले आणि पहिलं वर्ष तसंच ठेवलं, म्हणजे ३०, मग ५० आणि पुढेही ५०, तर रोख ८० लाख आणि नंतर सात वर्षं १ कोटी. एनपीव्ही तरीही अधिकच येतो. साधारण ६२ लाख. म्हणजे मॅनेजरच्या आकड्यांवरही मशीन घ्यायला हवं. साडेबारा टक्के १३ पेक्षा कमी दिसतात ते फक्त सुरुवातीच्या पूर्ण किमतीने भागल्यामुळे.

जुना_कॉस्टवाला

तपासलं. बरोबर आहे. हे टिपणात पहिल्या पानावर घाला. आणि यावरून हॉललाही तोच न्याय लावायला हवा. ५५ लाख घसारा वजा करून आहेत, मग रोख किती? ११ टक्के ५ कोटींच्या पूर्ण किमतीवर काढलेत. हॉलचं आयुष्य मोठं असतं त्यामुळे फरक मशीनएवढा पडणार नाही, पण तपासल्याशिवाय "हॉल नको" असं मी लिहिणार नाही.

शॅक_ते_हॉटेल

हेच मी म्हणत होतो. आणि खोल्यांचं उत्पन्न धरा, पण एक काळजी घेऊन. डिसेंबरमध्ये हॉटेल तसंही भरलेलं असतं. तेव्हा लग्नाचे पाहुणे आले तर दुसऱ्या पाहुण्यांची जागा घेतात, जादा काही मिळत नाही. जादा मिळतं ते जून ते सप्टेंबरमध्ये, आणि तेव्हा चातुर्मासामुळे बरीचशी हिंदू लग्नं थांबलेली असतात. तेव्हा त्या महिन्यांत लग्नांऐवजी कंपन्यांच्या बैठका किती मिळतील ते विचारा. बहुतेक सगळं त्यावरच ठरेल.

जमाखर्च_फोंडा

सगळ्यांचे आभार. टिपणाचा मसुदा असा करतेय. मॅनेजरच्या कामाला रेसिड्युअल इन्कम, पण लक्ष्यापासूनच्या फरकावर, आणि त्यात हॉटेलची जमीन धरायची नाही. भांडवल बारा महिन्यांच्या सरासरीने. मशीनचं आठ वर्षांचं कोष्टक मंजुरीच्या कागदाबरोबर. निवृत्तीनंतरचा बोनस मालकांना पटेल असं वाटत नाही, तरी मांडणार.

हॉटेलचा दर मात्र मी मोकळा सोडलाय. १३ धरायचा की पर्यटनाचा चढउतार बघून जास्त, यावर आमच्याच ऑफिसात एकमत नाही. सोमवारी कारखान्याच्या मॅनेजरसोबत ओळीओळीचा हिशेब घेऊन बसतेय. फरक कुठल्या ओळीत निघतो ते इथे लिहीन.

मांडवीकाठ

ताई, औषध कंपन्यांकडून नमुने पास व्हायला किती महिने लागतील तेच त्यांना आधी विचारा. बाकीचं मग.